एकाच डिस्कवर तीन स्वभावांचा डेटा: ब्लॉक, फाइल की ऑब्जेक्ट स्टोरेज?

प्रश्न: "आमचं ॲप एकाच सर्व्हरवर चालतं. त्याच्या ५०० जीबीच्या डिस्कवर पोस्टग्रेसचा डेटाबेस, लोकांनी अपलोड केलेली स्कॅन कागदपत्रं आणि रात्री अहवाल तयार करणाऱ्या एका जुन्या प्रोग्रामचं फोल्डर, असं सगळं आहे. डिस्क भरत आलीय आणि आता दुसरा सर्व्हर जोडायचाय. क्लाउडमध्ये ब्लॉक, फाइल आणि ऑब्जेक्ट असे तीन पर्याय दिसतात. सहकारी म्हणतो, ऑब्जेक्ट स्टोरेज सगळ्यात स्वस्त आहे, तेच फोल्डरसारखं माउंट करून सगळं तिकडे हलवू. करावं का?"

उत्तर:

सगळं हलवू नका. कागदपत्रं जरूर हलवा. डेटाबेसला तिकडे अजिबात नेऊ नका. अहवालांच्या फोल्डरचं काय करायचं ते तो जुना प्रोग्राम फाइलींशी नेमकं कसं वागतो हे पाहून ठरवा.

तुमची खरी अडचण अशी आहे की आजवर एकाच डिस्कने तीन वेगळी कामं निमूटपणे केली, त्यामुळे ती वेगळी आहेत हे जाणवलंच नाही. तिन्ही ठिकाणी शेवटी फाइलीच दिसतात. पण डेटाबेस आपल्या फाइलींच्या मधले छोटे छोटे तुकडे सतत बदलत असतो. कागदपत्र एकदा लिहिलं की पुन्हा बदलत नाही, फक्त वाचलं जातं. अहवालाचा प्रोग्राम फाइल तयार करतो, तिचं नाव बदलतो, दुसरं कोणीतरी ती उचलतं. म्हणून मी स्टोरेज निवडताना भावाकडे नंतर बघतो. आधी दोन गोष्टी विचारतो: एका वेळी बदलणारा सर्वांत लहान तुकडा केवढा, आणि तो बदलणारी मशीन्स किती?

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. ॲपचा कोड तुम्ही बदलू शकता की नाही, फाइलींची सरासरी साइझ किती, अपलोड झाल्यावर त्या कोणी संपादित करतं का. प्रश्नात हे नाही, म्हणून मी पुढे काही आकडे गृहीत धरतो. तुमचे आकडे वेगळे असतील, पण विचाराची रीत तीच लागू पडेल.

ब्लॉक स्टोरेज: कोरी डिस्क आणि तिचा एकच मालक

ब्लॉक स्टोरेज तुमच्या मशीनला क्रमांक लावलेल्या सारख्या आकाराच्या तुकड्यांची एक लांबच लांब रांग देतं. तुकडा बहुधा ५१२ किंवा ४०९६ बाइटचा. अमुक क्रमांकाचा तुकडा वाच, तमुक क्रमांकाचा लिही, एवढंच त्याला कळतं. फाइल, फोल्डर, परवानग्या हे त्याच्या गावीही नसतं. कोणती फाइल कोणत्या तुकड्यांत आहे याचा नकाशा `ext4` किंवा `xfs` सारखी फाइल सिस्टिम ठेवते, आणि ती तुमच्याच मशीनच्या कर्नलमध्ये चालते. डिस्क नेटवर्कपलीकडे असली तरी नकाशा तुमच्या मशीनकडेच असतो.

डेटाबेसला हेच हवं असतं. पोस्टग्रेस आपला डेटा ८ केबीच्या पानांमध्ये ठेवतो आणि मोठ्या टेबलाच्या १ जीबीच्या फाइली करतो. एका ओळीतला एक आकडा बदलला तर ८ केबीचं एक पान बदलतं. ब्लॉक स्टोरेजवर तेवढंच लिहिलं जातं. जिथे फाइल पूर्णच बदलावी लागते अशा ठिकाणी ही १ जीबीची फाइल ठेवली, तर एका पानासाठी त्याच्या १,३१,०७२ पट डेटा लिहावा लागेल.

दुसरी गोष्ट वेळेची. `COMMIT` म्हटल्यावर पोस्टग्रेस आपल्या लॉगमध्ये नोंद करतो आणि `fsync` करून ती खरोखर डिस्कवर पोचल्याची खात्री होईपर्यंत थांबतो. ही वाट साधारण १ मिलिसेकंदाची असेल, तर एका जोडणीवरून एकामागून एक असे सेकंदाला हजाराच्या आसपास व्यवहार होतात. हीच वाट १०० मिलिसेकंदांची झाली की दहा. बऱ्या नेटवर्क ब्लॉक स्टोरेजवर पहिला आकडा मिळतो. ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये छोट्या विनंतीचं उत्तर यायला दहा-वीस ते शंभर-दोनशे मिलिसेकंद लागणं नेहमीचंच आहे, आणि हजारो पानं समांतर वाचणाऱ्याला ते चालतं. एका नोंदीसाठी थांबलेल्या डेटाबेसला ते परवडत नाही.

आता तुमचा दुसरा सर्व्हर. अशा वेळी हमखास सुचणारा उपाय म्हणजे तेच व्हॉल्यूम दोन्ही मशीनना जोडणं. काही सेवा तशी मुभाही देतात, आणि म्हणूनच धोका मोठा आहे. नकाशा मशीनकडे असतो हे वर सांगितलं. मशीन दोन झाली की नकाशे दोन झाले. एकाच वहीत दोन माणसं लिहीत आहेत, पण प्रत्येकाकडे आपापली अनुक्रमणिका आहे आणि दुसऱ्याने कोणती पानं वापरली हे कोणीच विचारत नाही, अशी ती स्थिती असते. पहिल्या मशीनला जो तुकडा रिकामा वाटतो तो दुसरीने आताच भरलेला असतो.

हे लगेच कळत नाही, हे त्यातलं सर्वांत वाईट. सुरुवातीला फक्त असं दिसतं की एका मशीनवर केलेली फाइल दुसरीवर दिसत नाही, आणि काढून पुन्हा माउंट केलं की दिसते. लोकांना वाटतं कॅशचा किरकोळ घोळ आहे. मग केव्हातरी एखादं फोल्डर उघडताना `Structure needs cleaning` येतं, `dmesg` मध्ये `EXT4-fs error` च्या ओळी दिसतात, आणि तोवर बरंच काही एकमेकांवर लिहून झालेलं असतं. दुसऱ्या मशीनवर फक्त वाचण्यापुरतं माउंट केलं तरी सुटका नाही, कारण तिच्या कॅशमधला नकाशा जुना होत जातो, शिवाय `ext4` वाचण्यापुरतं माउंट होतानाही प्रसंगी आपला जर्नल पुन्हा चालवतो, म्हणजे डिस्कवर लिहितो. एकच ब्लॉक व्हॉल्यूम अनेक मशीनवर चालवायचं तर `GFS2` किंवा `OCFS2` सारखी क्लस्टर फाइल सिस्टिम लागते. दोन वेब सर्व्हरसाठी एवढा पसारा मी कधीच सुचवणार नाही.

डेटाबेस दोन सर्व्हरनी वाटून घ्यायचा तर डिस्क वाटायची गरज नसते. डिस्क पोस्टग्रेस चालवणाऱ्या मशीनकडेच राहते आणि दोन्ही वेब सर्व्हर त्याच्याशी नेटवर्कवरून बोलतात.

ऑब्जेक्ट स्टोरेज: पूर्ण लिहा, पूर्ण बदला

ॲमेझॉनने २००६ साली एस३ आणलं आणि पुढे त्याची बोलण्याची पद्धत इतरांनीही उचलली, त्यामुळे आज बहुतेक ऑब्जेक्ट स्टोरेज त्याच धाटणीचं वागतं. इथे ब्लॉक नाहीत आणि खरं तर फोल्डरही नाहीत. एक बकेट असते, त्यात प्रत्येक ऑब्जेक्टला एक नाव असतं ज्याला की म्हणतात, सोबत बाइट्स आणि थोडा मेटाडेटा. तुम्ही एचटीटीपीवरून `PUT` ने ठेवता, `GET` ने आणता, `DELETE` ने काढता. `docs/2024/a.pdf` या की मधल्या तिरप्या रेघा आपल्या डोळ्यांना फोल्डर वाटतात. स्टोरेजच्या दृष्टीने ते एक सलग नाव आहे.

वाचताना तुम्ही मधला भाग मागू शकता. लिहिताना मात्र सर्वसाधारण बकेटमध्ये ऑब्जेक्टच्या मधला बाइट बदलता येत नाही, शेवटी ओळ जोडता येत नाही आणि नावही बदलता येत नाही. नाव बदलणं म्हणजे नव्या नावाने प्रत करणं आणि जुनी काढणं. हे बंधन स्वीकारल्याच्या बदल्यात बरंच मिळतं. नकाशा सेवेकडे गेल्यामुळे दोनच काय, दोनशे सर्व्हर एकाच वेळी वाचू-लिहू शकतात. व्हॉल्यूम किती मोठं घ्यावं हा अंदाज बांधावा लागत नाही. एकच डेटा अनेक मशीन्सवर अशा रीतीने विखुरलेला असतो की त्यातली काही बिघडली तरी तो पुन्हा जुळवता येतो.

म्हणजे अपलोड झाल्यावर न बदलणाऱ्या स्कॅन कागदपत्रांसाठी यापेक्षा योग्य जागा नाही. सहकाऱ्याचा अर्धा सल्ला अगदी बरोबर आहे.

उरलेला अर्धा, म्हणजे ते फोल्डरसारखं माउंट करणं, हाच चुकीचा आहे. `s3fs` सारखी साधनं बकेट फोल्डरसारखी दाखवतात आणि `ls` केल्यावर सगळं छान दिसतं. पण दाखवणं वेगळं आणि तसं वागणं वेगळं. दोनशे एमबीच्या लॉगला एक ओळ जोडली की आतून पूर्ण ऑब्जेक्ट नव्याने बनवावा लागतो. एका फोल्डरचं नाव बदललं आणि त्यात दोन लाख फाइली असल्या, तर दोन लाख वेळा प्रत आणि दोन लाख वेळा काढणं. ते मध्येच तुटलं तर अर्ध्या फाइली जुन्या नावाखाली आणि अर्ध्या नव्या. दोन सर्व्हरवर एकच बकेट माउंट केली तर `s3fs` त्यांच्यात कसलाही समन्वय ठेवत नाही. दोघांनी एकच फाइल उघडून लिहिली तर शेवटी बंद करणाऱ्याची प्रत राहते, दुसऱ्याचं काम गेलेलं असतं आणि चूक म्हणून काही दिसत नाही.

ॲमेझॉनने स्वतः असं माउंट करण्याचं साधन २०२३ मध्ये आणलं, त्यात सर्वसाधारण बकेटमधल्या फाइलीत मधोमध लिहायला सरळ नकारच ठेवला आहे. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. जे जमत नाही ते जमल्यासारखं दाखवण्यापेक्षा प्रोग्रामला तिथेच चूक मिळालेली बरी. मोठ्या फाइली फक्त वाचायच्या असतील तेव्हा माउंट वापरायला माझी हरकत नाही. ॲप लिहिणार असेल तर त्याने `PUT` आणि `GET` याच भाषेत बोलावं.

जुने लेख वाचताना एक सावधगिरी ठेवा. एस३ मध्ये पूर्वी ऑब्जेक्ट बदलल्यावर थोडा वेळ जुनी प्रत मिळू शकायची. डिसेंबर २०२० पासून लिहून झाल्यावर लगेच नवीनच मिळतं. तुम्ही एस३शी सुसंगत अशी दुसरी सेवा घेणार असाल तर तिच्या दस्तऐवजात हा मुद्दा पाहून घ्या.

फाइल स्टोरेज: नकाशा सर्व्हरकडे, भाषा फाइलींचीच

फाइल स्टोरेजमध्ये फोल्डर, नाव बदलणं, लॉक, परवानग्या हे सगळं खरं असतं. लिनक्सच्या जगात एनएफएस, जे सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलं, आणि विंडोजच्या जगात एसएमबी. इथे नकाशा दूरच्या फाइल सर्व्हरकडे असतो. तुमचं मशीन ही फाइल उघड, हिचा एवढा भाग वाच, हिचं नाव बदल, अशा विनंत्या पाठवतं. नकाशा एकच असल्यामुळे अनेक मशीन्स एकाच वेळी वापरू शकतात, आणि जुन्या प्रोग्रामला काही बदललंय हे कळतही नाही.

किंमत मोजावी लागते ती फेऱ्यांची. स्थानिक डिस्कवर फाइल आहे का, तिची साइझ किती, या प्रश्नांची उत्तरं बहुधा मेमरीतूनच येतात. इथे प्रत्येक प्रश्न नेटवर्कवरून जाऊ शकतो. एका फोल्डरमध्ये एक लाख फाइली आहेत, प्रत्येकीची माहिती वेगळी विचारावी लागली आणि फेरीला १ मिलिसेकंद लागला, तर एका `ls -l` ला शंभर सेकंद. मोठी फाइल सलग वाचताना मात्र तेच माउंट झकास चालतं. म्हणून एनएफएस हळू आहे अशी तक्रार आली की मी आधी फाइलींची संख्या विचारतो, बँडविड्थ नंतर.

दुसरं म्हणजे कॅश. एनएफएसचं आश्वासन असं असतं की एका मशीनने फाइल लिहून बंद केली आणि त्यानंतर दुसरीने ती उघडली, तर दुसरीला नवीन मजकूर दिसेल. दोघांनी उघडून ठेवलेली असताना काय दिसेल याची हमी नाही. शिवाय फोल्डरची माहिती लिनक्स मूळ सेटिंगमध्ये ३० ते ६० सेकंद कॅशमध्ये ठेवू शकतं, त्यामुळे एका सर्व्हरवर तयार झालेली फाइल दुसऱ्याच्या यादीत थोडी उशिरा दिसली तर घाबरून जाऊ नका. सेकंदभरात दिसलीच पाहिजे असं गृहीत धरून लिहिलेला प्रोग्राम मात्र इथे अडखळेल.

आणि फाइल सर्व्हर बंद पडला तर? नेहमीच्या माउंटमध्ये त्याला हात लावणाऱ्या प्रोसेस थांबून राहतात, `ps` मध्ये त्यांच्यापुढे `D` दिसतो, `df` सुद्धा लटकतो. मशीन बिघडलं असं वाटतं, पण ते फक्त उत्तराची वाट बघत असतं. डेटा वाचावा म्हणून हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. `soft` पर्याय लावून ते टाळायचा मोह होतो. लिहिण्याच्या कामासाठी तो लावू नका, कारण मग अर्धवट लिहिलेल्या फाइली मागे राहतात.

थोडक्यात, नकाशा कोणाकडे आहे ते पाहा. ब्लॉकमध्ये तो तुमच्या मशीनकडे, म्हणून छोटे बदल झटपट होतात पण मालक एकच. फाइलमध्ये तो फाइल सर्व्हरकडे, म्हणून वाटून वापरता येतं पण प्रत्येक प्रश्नाला फेरी. ऑब्जेक्टमध्ये तो सेवेकडे, आणि ती तुम्हाला फक्त पूर्ण वस्तू ठेवू-आणू देते, म्हणून ती कितीही वाढू शकते.

तुमच्या डिस्कची वाटणी

आधी काय किती आहे ते मोजा.

```
df -h /srv
df -i /srv
du -sh /srv/pgdata /srv/uploads /srv/reports
```

दुसरी ओळ लोक विसरतात. `ext4` मध्ये फाइलींची कमाल संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते. ती संपली तर जागा शिल्लक असूनही `No space left on device` येतं आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

समजा असं निघालं: डेटाबेस ४० जीबी, अहवाल १५ जीबी, आणि कागदपत्रं ३० लाख, सरासरी १२० केबीची, म्हणजे ३६० जीबी. एकूण ४१५ जीबी, डिस्कचे ८३ टक्के. इथे चित्र स्पष्ट होतं. डिस्क भरणारा डेटा आणि डिस्कवर ताण देणारा डेटा वेगळे आहेत. ३६० जीबी नुसती पडून असतात, आणि वेगवान डिस्कची गरज ४० जीबीलाच आहे.

कागदपत्रांपासून सुरुवात करा, पण जुन्या फाइली कॉपी करण्यापासून नव्हे. आधी कोड बदला. डेटाबेसमध्ये कागदपत्रांच्या टेबलात की साठी एक कॉलम घाला. नवीन अपलोड बकेटमध्ये जाऊ द्या आणि की त्या कॉलममध्ये लिहा. वाचताना कॉलम भरलेला असेल तर बकेटमधून, रिकामा असेल तर जुन्या डिस्कवरून. एवढं झालं की डिस्क भरायची थांबते आणि उरलेलं काम घाई न करता होतं.

की ठरवताना माणसाने दिलेलं फाइलचं नाव वापरू नका. ते डेटाबेसमध्ये ठेवा, आणि की एक यादृच्छिक आयडी असू द्या. दुरुस्त कागदपत्र आलं तर त्याच की वर लिहिण्याऐवजी नवी की बनवा. याचा फायदा असा की अपलोड मध्येच तुटून पुन्हा झालं तरी काही बिघडत नाही, आणि कॅशमध्ये जुनी प्रत राहण्याचा प्रश्नच उरत नाही.

क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी ऑब्जेक्ट ठेवा, तो पोचल्याची आणि साइझ जुळल्याची खात्री `HEAD` ने करा, मग डेटाबेसमध्ये नोंद करून `COMMIT`. मध्ये काही कोसळलं तर फार तर बकेटमध्ये कोणाचाच नसलेला एक ऑब्जेक्ट पडून राहील, जो नंतर झाडता येतो. उलट क्रम केला तर डेटाबेसमध्ये नोंद आहे पण कागदपत्र नाही अशी स्थिती येईल, आणि ती वापरणाऱ्याला दिसेल. काढताना क्रम उलटा: आधी नोंद, मग ऑब्जेक्ट.

फाइल तुमच्या वेब सर्व्हरमधून जायलाच हवी असंही नाही. सर्व्हर काही मिनिटांपुरती चालणारी सही केलेली लिंक देऊ शकतो आणि ब्राउझर थेट बकेटमध्ये अपलोड करतो. दोन सर्व्हरपैकी विनंती कोणाकडे गेली याने मग काही फरक पडत नाही, आणि तुमचा मूळ प्रश्न, म्हणजे दोघांना एकच फोल्डर कसं द्यायचं, कागदपत्रांपुरता संपतो.

आता जुन्या फाइली. एकामागून एक कॉपी केल्या आणि प्रत्येकीला ५० मिलिसेकंद लागले, तर ३० लाखांना दीड लाख सेकंद, साधारण ४२ तास. एका वेळी ३२ पाठवल्या तर हिशेबाने सव्वा तासाच्या आसपास. प्रत्यक्षात थोडा जास्त, कारण जुन्या डिस्कला इतक्या छोट्या फाइली वाचायलाही वेळ लागतो.

```
rclone copy /srv/uploads store:app-docs --transfers 32
rclone check /srv/uploads store:app-docs --one-way
```

इथे `store` हे तुम्ही `rclone` मध्ये ठरवलेलं नाव. या आज्ञा फाइलींचा जुना मार्गच की म्हणून वापरतात. जुन्यांसाठी ते चालेल, नियम नवीनांना लावा. `check` स्वच्छ आल्यावरच जुन्या ओळींमध्ये की भरा, आणि तीही थोड्या थोड्या करून. मग डिस्कवरून वाचण्याच्या वाटेवर लॉगची एक ओळ घाला. ती ओळ काही आठवडे एकदाही उमटली नाही की जुनं फोल्डर काढायला हरकत नाही.

कागदपत्रं गेल्यावर डिस्कवर ५५ जीबी उरतील आणि पैसे मात्र ५०० जीबीचेच जातील, कारण ब्लॉक स्टोरेजमध्ये वापराचे नाही, राखून ठेवलेल्या आकाराचे पैसे लागतात. व्हॉल्यूम चालू असताना वाढवणं बहुतेक ठिकाणी सोपं असतं. लहान करणं सहसा शक्य नसतं, आणि `xfs` तर आक्रसता येतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून १०० जीबीचं नवीन व्हॉल्यूम घ्या, पोस्टग्रेस थांबवा, डेटा हलवा, सुरू करा. ४० जीबीला फार वेळ लागत नाही. फक्त एक पाहा: काही सेवांमध्ये व्हॉल्यूमचा वेग त्याच्या आकाराशी बांधलेला असतो. हलवण्याआधी गर्दीच्या वेळी `iostat -x 5` चालवून सध्या सेकंदाला किती वाचन-लेखन होतंय ते टिपून ठेवा.

राहिला अहवालांचा प्रोग्राम. तो बदलता येत असेल तर अहवाल त्याच मशीनच्या डिस्कवर तयार करा आणि पूर्ण झालेली फाइल बकेटमध्ये टाका. बदलता येत नसेल तर १५ जीबीसाठी फाइल स्टोरेजचं छोटं माउंट घ्या. आधी तात्पुरत्या नावाने लिहून शेवटी नाव बदलण्याची त्याची पद्धत एनएफएसवर नीट चालते, कारण नाव बदलणं फाइल सर्व्हरवर एकाच झटक्यात होतं. दोन्ही मशीनवर त्या युझरचा आकडी आयडी सारखा आहे ना, एवढं `id` ने तपासा. नाव सारखं आणि आकडा वेगळा असला की परवानगी नाकारली जाते आणि कारण पटकन सापडत नाही.

कोणी विचारेल, मग कागदपत्रंही तिथेच ठेवली तर कोड बदलावा लागणार नाही. कोडला हात लावणं शक्यच नसेल तर तेच करा, मी त्याला चूक म्हणणार नाही. पण ३० लाख छोट्या फाइली ही फाइल स्टोरेजची दुखरी बाजू आहे, आणि बॅकअपसाठी दर रात्री ते सगळं झाड चालून जाताना ती जाणवेल.

बिल आणि बॅकअप

ऑब्जेक्ट स्टोरेजचा जीबीमागचा दर कमी असतो, पण विनंत्यांचे आणि बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे वेगळे लागतात. दर मिनिटाला पूर्ण बकेटची यादी काढणारा एखादा प्रोग्राम असेल तर तो बिलात दिसेल, कारण एस३ एका विनंतीत जास्तीत जास्त हजार नावं देतं, म्हणजे ३० लाखांसाठी तीन हजार विनंत्या. कोणती कागदपत्रं आहेत हे डेटाबेसला विचारा, बकेटला नको. तसंच, मोठ्या फाइली तुकड्यांनी अपलोड होतात आणि मध्येच सोडून दिलेले तुकडे नेहमीच्या यादीत दिसत नाहीत, पैसे मात्र लागत राहतात. अर्धवट अपलोड सात दिवसांनी काढून टाकण्याचा नियम बकेटवर पहिल्या दिवशीच लावा.

एस३ वर्षाला ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणासाठी बांधलेलं आहे असं ॲमेझॉन सांगतं. तो आकडा डिस्क आणि मशीन बिघडण्याबद्दल आहे. तुमच्याच कोडने चुकून `DELETE` पाठवलं तर सेवा ते तितक्याच निष्ठेने पार पाडेल. त्यासाठी बकेटवर व्हर्जनिंग सुरू ठेवा, म्हणजे काढलेल्या ऑब्जेक्टची आधीची प्रत शिल्लक राहते.

वाटणी झाल्यावर उभा राहणारा एक नवा प्रश्न मात्र आत्ताच सोडवून ठेवा. आजवर एका डिस्कचा एक स्नॅपशॉट घेतला की डेटाबेस आणि कागदपत्रं एकाच क्षणाची असायची. आता तसं राहणार नाही. समजा आठ दिवसांपूर्वीचा डेटाबेस परत आणावा लागला. त्यातल्या काही नोंदी अशा कागदपत्रांकडे बोट दाखवतील जी मधल्या आठ दिवसांत काढली गेली. म्हणून नोंद काढल्यावर ऑब्जेक्ट लगेच काढू नका. डेटाबेसचे बॅकअप जर ३० दिवस ठेवत असाल, तर काढायच्या ऑब्जेक्टची यादी करून ते ३५ दिवसांनी काढा, आणि व्हर्जनिंगमधल्या जुन्या प्रतींची मुदतही त्याहून कमी ठेवू नका.